फिरतीचा खर्च : नियम पुन्हा लिहिताना

प्रस्तावना

“कार्यालयीन कामासाठी केलेल्या प्रवासाचा वाजवी खर्च, योग्य त्या पुराव्यांसह, प्रवास संपल्यावर शक्य तितक्या लवकर सादर केल्यास, सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने देय राहील.”

या किंवा याच्या अगदी जवळच्या शब्दांतले कलम आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांच्या, सहकारी संस्थांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या नियमपुस्तिकांत सापडते. वाचताना ते निर्दोष वाटते, व्याकरणही नीट असते. पण नागपूरला फिरतीवर निघालेल्या माणसाने हे कलम हातात धरून विचारावे, की रात्री किती रुपयांपर्यंतची खोली घेऊ, रिक्षाचे पैसे मिळतील का, आणि बिल कुठल्या तारखेपर्यंत देऊ? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही.

उत्तर नियमात नसले तरी कुणाला तरी ते द्यावेच लागते. २,६०० रुपयांची खोली वाजवी आहे की नाही, हा निर्णय नियम लिहिणाऱ्यांनी घेतला नाही, म्हणून तो बिल तपासणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर जातो. तो कारकून कालच्या बिलावर काय शेरा मारला होता ते आठवून, साहेबांचा कल बघून, ऑडिटरची आठवण ठेवून एक आकडा धरतो. दुसऱ्या शाखेतला कारकून दुसरा आकडा धरतो. आणि तोपर्यंत पैसे खर्च होऊन गेलेले असतात, तेही कर्मचाऱ्याच्या खिशातून.

या पुस्तकाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे. फिरतीच्या खर्चाचे नियम संदिग्ध राहतात ते भाषा अवघड असते म्हणून नव्हे. घ्यायचे निर्णय न घेता कागद तयार केला जातो, म्हणून ते संदिग्ध राहतात. ‘अनुज्ञेय’ काढून ‘मिळेल’ लिहिले, लांब वाक्ये तोडली, ठळक मथळे दिले, तरी किती मिळेल हे ठरवले नसेल तर नवा कागद जुन्याइतकाच निरुपयोगी असतो. म्हणून नियम पुन्हा लिहिण्याच्या कामात लेखणी शेवटी येते. आधी मॅनेजमेंट, अकाउंट्स आणि प्रत्यक्ष फिरतीवर जाणारी माणसे यांनी एका टेबलाभोवती बसून काही आकडे आणि काही तारखा ठरवायच्या असतात.

आपल्याकडे या विषयाची परंपरा सरकारी नोकरीतून आली. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या ‘फंडामेंटल रूल्स’ आणि त्यांच्या जोडीच्या ‘सप्लिमेंटरी रूल्स’ यांनी प्रवासभत्त्याची चौकट घालून दिली. त्यातल्या ४४व्या नियमाचे तत्त्व असे, की भत्ता एकंदरीत घेणाऱ्याच्या नफ्याचे साधन होता कामा नये. तत्त्व रास्त आहे. पण त्यातून दोन सवयी रुजल्या आणि त्या खासगी संस्थांनीही जशाच्या तशा उचलल्या. पहिली सवय म्हणजे पगाराची पातळी बघून रेल्वेचा डबा आणि हॉटेलची मर्यादा ठरवणे. दुसरी म्हणजे प्रत्येक दाव्याकडे आधी संशयाने बघणे. टीए बिल म्हटले की त्यावर लाल शाईचा शेरा येणार, हे आपण गृहीत धरतो ते तेव्हापासूनच्या संस्कारामुळे.

विशेष म्हणजे केंद्र सरकारने स्वतः ही चौकट बरीच मोकळी केली आहे. सातव्या वेतन आयोगानंतर १३ जुलै २०१७ रोजी अर्थ मंत्रालयाने जे आदेश काढले, त्यांत जेवणखाणाची बिले मागणेच बंद केले. त्याऐवजी ठरावीक रक्कम दिली जाते, त्या वेळी ती पातळीनुसार दिवसाला ५०० ते १,२०० रुपये होती. आठव्या पातळीपर्यंतच्या कर्मचाऱ्याने हॉटेलसाठी मर्यादेच्या आत दावा केला तर स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र पुरते. कुठे राहिलो आणि कुठल्या तारखा, एवढे त्यात स्पष्ट असावे लागते. कागदांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सरकारने जे व्हाउचर मागणे सोडले, ते अनेक खासगी कंपन्या आजही चहा-नाश्त्यासाठी मागतात. नियम पुन्हा लिहिणाऱ्याने हा आदेश एकदा तरी वाचावा.

अमेरिकेतला प्रवास उलट दिशेने झाला. जॉर्ज कोहॅन या ब्रॉडवेच्या नटाने प्रवास आणि आदरातिथ्याचा मोठा खर्च नोंदी न ठेवता आयकरासाठी उत्पन्नातून वजा मागितला. १९३० मध्ये न्यायालयाने म्हटले, की खर्च झाला हे उघड असेल तर नोंदी नाहीत म्हणून सगळाच नाकारता येणार नाही, अंदाजाने काही रक्कम द्यावी. ही सवलत तीन दशके टिकली. १९६२ च्या कायद्याने प्रवासखर्चापुरती ती बंद केली आणि पावती आवश्यक झाली. मात्र किरकोळ रकमांना त्यातून वगळले गेले. ती सीमा १९९५ पासून ७५ डॉलर आहे. तिच्याखाली निवासाखेरीज इतर खर्चाला पावती लागत नाही. संशय आणि विश्वास यांच्यात कुठेतरी एक आकडा ठेवावा लागतो, ही समज तिथे मुरली. पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या केंद्र सरकारने आपले प्रवासनियम प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्याने लिहिले. “माझा दावा मी कधी सादर करायचा?” असा प्रश्न आणि खाली दोन ओळींचे उत्तर, अशी ती मांडणी आहे.

आज जगभरच्या संस्थांत या बाबतीत चार प्रवाह दिसतात. पहिला प्रत्यक्ष खर्चाचा: जेवढे बिल तेवढे पैसे, वर एक मर्यादा. दुसरा ठरावीक भत्त्याचा: दिवसाला इतके, बिल नको, उरले तर तुमचे, जास्त गेले तरी तुमचे. तिसऱ्यात कर्मचाऱ्याच्या खिशाला हातच लागत नाही. तिकीट आणि हॉटेल संस्था स्वतः बुक करते किंवा कंपनीचे कार्ड देते. चौथा प्रवाह मर्यादाच लिहीत नाही. नेटफ्लिक्सचे धोरण ‘कंपनीच्या हिताचे ते करा’ या अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांत मावत होते, हे उदाहरण खूप गाजले.

चौथा मार्ग आपल्याकडच्या बहुतेक संस्थांना मी सुचवणार नाही. गलेलठ्ठ पगाराच्या आणि आपल्या म्हणण्याला वजन असलेल्या माणसाला ‘विवेकाने खर्च करा’ हे स्वातंत्र्य वाटते. महिन्याला वीस-बावीस हजारांवर काम करणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरला ती धास्ती वाटते. साहेबांना काय आवडेल याचा अंदाज घेत तो सर्वात स्वस्त लॉजवर राहतो आणि तरीही बिल परत येईल का, या काळजीत असतो. स्पष्ट मर्यादा त्याच्यासाठी संरक्षण आहे: इथपर्यंत मी कुणालाही न विचारता खर्च करू शकतो, आणि तो मला मिळणारच. मध्यम आकाराच्या संस्थेला पहिल्या तीन प्रवाहांचे मिश्रण सोयीचे पडते. लांबचे तिकीट संस्थेने काढावे, हॉटेल प्रत्यक्ष बिलावर मर्यादेत द्यावे, जेवणासाठी ठरावीक भत्ता असावा. हे पुस्तक त्याच वाटेने जाते.

आता एक फिरती पूर्ण मांडून बघू. पुण्याच्या कंपनीतला माणूस रविवारी रात्री ९ वाजता नागपूरला निघाला. सोमवार आणि मंगळवार रात्री हॉटेलात राहिला, बुधवारी रात्रीच्या गाडीने परत फिरला आणि गुरुवारी सकाळी ७ वाजता पुण्यात उतरला. जाण्यायेण्याचे तिकीट कंपनीने काढले होते. खोली २,४०० रुपयांची, त्यावर ५ टक्के जीएसटी. रिक्षांचे मिळून ७८० रुपये झाले, पावती एकाचीही नाही. कंपनीचे नियम सांगतात: हॉटेल दिवसाला २,५०० रुपयांपर्यंत, जेवणभत्ता दिवसाला ६०० रुपये, स्थानिक प्रवास प्रत्यक्ष खर्चानुसार. पहिल्या कलमापेक्षा हे बरेच बरे. निदान आकडे आहेत.

कर्मचाऱ्याने बिल केले. दोन रात्रींचे हॉटेल करासह ५,०४० रुपये. रविवार ते गुरुवार पाच दिवस बाहेर होतो, म्हणून जेवणभत्ता ३,०००. रिक्षा ७८०. एकूण ८,८२०. अकाउंट्सने ते तपासले. २,५०० ही मर्यादा करासह आहे असे धरले, म्हणून हॉटेल ५,०००. रविवार रात्र ते गुरुवार सकाळ म्हणजे ८२ तास, त्यात पूर्ण दिवस तीनच, म्हणून भत्ता १,८००. रिक्षाला पावती नाही, म्हणून शून्य. एकूण ६,८००. नियम एकच, प्रवास एकच, कुणाच्याही मनात खोट नाही, आणि दोन हिशेबांत २,०२० रुपयांचे अंतर. कर्मचारी म्हणतो पैसे कापले, अकाउंट्स म्हणते जास्त लावले होते. दोघेही आपापल्या वाचनाशी प्रामाणिक आहेत.

हे अंतर तीन न घेतलेल्या निर्णयांतून आले. मर्यादेत कर धरायचा की नाही, हा पहिला. तो किरकोळ वाटतो, पण २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी याच खोलीवर १२ टक्के कर होता आणि रात्रीचे बिल २,६८८ रुपये व्हायचे. आता ते २,५२० होते. करासह मर्यादा ठेवणाऱ्या संस्थेचे धोरण सरकारने दर बदलला की आपोआप बदलते आणि त्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. खोलीच्या भाड्यावर मर्यादा ठेवावी आणि कर वेगळा द्यावा, हे माझ्या मते जास्त टिकाऊ.

दुसरा निर्णय दिवस कसा मोजायचा याचा, आणि सर्वाधिक वाद याच्यावरूनच होतात. केंद्र सरकारची पद्धत इथे उपयोगी आहे. मध्यरात्र ते मध्यरात्र एक दिवस. त्या दिवशी ६ तासांपेक्षा कमी वेळ बाहेर असाल तर भत्त्याचे ३० टक्के, ६ ते १२ तास असाल तर ७० टक्के, त्याहून जास्त असाल तर पूर्ण. आपल्या माणसाचे रविवारचे ३ तास म्हणजे ३० टक्के, सोमवार ते बुधवार पूर्ण, गुरुवारचे ७ तास म्हणजे ७० टक्के. बेरीज बरोबर चार दिवस, म्हणजे २,४०० रुपये. हीच पद्धत घ्यावी असा आग्रह नाही, पण कुठलीतरी एक घ्यावी आणि असे एक सोडवलेले उदाहरण नियमातच छापावे. व्याख्या वाचून दोन माणसे दोन अर्थ लावू शकतात. तारखा-वेळांसह मांडलेला हिशेब मात्र एकच राहतो.

मर्यादांच्या बाबतीत शहरांच्या वर्गवारीचाही प्रश्न येतो. ‘महानगरांसाठी’ एवढे लिहून भागत नाही, कारण नवी मुंबई किंवा पिंपरी-चिंचवड कशात धरायचे, हा वाद दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. घरभाडे भत्त्यासाठी केंद्राने केलेली वर्गवारी तयार मिळते. तिच्यात मुंबई आणि पुणे वरच्या वर्गात आहेत, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर यांसारखी शहरे मधल्या वर्गात, आणि उरलेली गावे तिसऱ्या. पण ती यादी घरभाड्यासाठी आहे, हॉटेलच्या भावासाठी नाही. शिर्डीला सुट्टीच्या गर्दीत किंवा नाशिकला सिंहस्थाच्या काळात त्या त्या वर्गाच्या मर्यादेत खोली मिळेलच असे नाही. म्हणून मर्यादेच्या शेजारीच तिच्यातून बाहेर पडण्याची वाट लिहावी लागते: कुणाला विचारायचे, आधी की नंतर, संदेश पाठवला तर पुरतो का, आणि तो अधिकारी किती रकमेपर्यंत हो म्हणू शकतो. ‘सक्षम अधिकारी’ या शब्दांच्या जागी एक पदनाम आणि एक आकडा आला की अर्धे काम होते.

तिसरा निर्णय पावतीचा. पावती मागताना आपण ती कशासाठी मागतो हे क्वचितच स्वतःला विचारतो. खर्च झाला याचा पुरावा हे एक कारण. जीएसटीची वजावट हे दुसरे आणि अगदी वेगळे. या दोन कारणांची गल्लत झाली की ‘प्रत्येक खर्चाचे कंपनीच्या नावाचे जीएसटी बिल जोडावे’ असा सरसकट हुकूम निघतो. प्रत्यक्षात जेवणाच्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असला तरी त्या कराची वजावट सहसा मिळतच नाही. हॉटेलच्या करासाठी हॉटेल ज्या राज्यात आहे ते राज्य धरले जाते. फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीचा माणूस इंदूरला राहिला, तर बिलावर क्रमांक असूनही तो कर वजा मिळत नाही. विमानाच्या तिकिटाचे तसे नाही. तिथे नोंदणीकृत तिकीटखरेदीदाराचे ठिकाण धरले जाते, त्यामुळे क्रमांक महत्त्वाचा. म्हणजे क्रमांकासाठी कर्मचाऱ्याच्या मागे लागायचे असेल तर ते विमान तिकीट आणि राज्यातले हॉटेल एवढ्यापुरते पुरे. आणि तो क्रमांक बुकिंगच्या वेळीच द्यावा लागतो, त्यामुळे ही सूचना निघण्यापूर्वीच्या पानावर हवी. परत आल्यावर भरायच्या फॉर्मच्या तळाशी ती असून काही उपयोग नाही.

खर्चाच्या पुराव्याचेही स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे आणि नियम जुनेच राहिले आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हापासून टोलनाक्यावरची चिठ्ठी हातात येईनाशी झाली, तरी नियमात ‘टोलची मूळ पावती’ असतेच. तिथे फास्टॅगच्या खात्याचा उतारा चालेल असे लिहिले पाहिजे. यूपीआयने पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट अनेक जण बिल म्हणून जोडतात. तो पैसे दिल्याचा पुरावा आहे, कशाचे दिले याचा नाही. रिक्षावाल्याला दिलेल्या ९० रुपयांसाठी तो पुरेसा मानता येईल, हॉटेलच्या ५,००० रुपयांसाठी मानता येणार नाही. एसटीचे तिकीट आणि बऱ्याच हॉटेलांची बिले ज्या कागदावर छापली जातात, त्यावरची अक्षरे उष्णतेने उमटतात आणि पाकिटात राहून काही आठवड्यांत उडून जातात. महिनाअखेरीला बिल करणाऱ्याकडे कोरा कागद उरतो. त्यामुळे ‘त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, फोटो मूळ बिलाइतकाच चालेल’ हे वाक्य नियमात असणे कर्मचाऱ्याच्या आणि अकाउंट्सच्या दोघांच्याही हिताचे आहे.

राहिली रिक्षा. मीटरच्या रिक्षाची पावती मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असताना ती मागणे म्हणजे हा खर्च देणार नाही असे आडून सांगणे. देणार नसाल तर तसे लिहा. देणार असाल तर एक रक्कम ठरवा, समजा एका फेरीला २०० रुपये, आणि तिच्याखाली कुठून कुठे गेलो एवढी नोंद पुरेशी माना. हरवलेल्या बिलासाठीही आधीच मार्ग ठेवावा. हॉटेलकडून ईमेलने दुसरी प्रत मागवता येते. ती न मिळाल्यास कर्मचाऱ्याचे लेखी निवेदन आणि वरिष्ठाची सही. असा मार्ग नसला की माणसे बनावट बिले जोडू लागतात. खरा झालेला खर्च मिळवण्यासाठी खोटा कागद तयार करावा लागणे, ही नियमाने माणसावर केलेली जबरदस्ती आहे, आणि एकदा तो कागद तयार करायची सवय लागली की खऱ्या लबाडीत आणि यात फरक करणे अकाउंट्सला अशक्य होते.

मुदतीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण तिथे अन्याय एका बाजूनेच होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना टीएचा दावा करायला पूर्वी एक वर्ष होते. मार्च २०१८ मध्ये ते प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आणले गेले. अमेरिकेच्या केंद्र सरकारात कर्मचाऱ्याला फक्त ५ कामाचे दिवस मिळतात. पण तिथे दुसरी बाजूही लिहिलेली आहे. नीट भरलेला दावा आल्यावर ३० दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर विलंबाचा आकार कर्मचाऱ्याला द्यायचा. आपल्या संस्थांच्या नियमांत कर्मचाऱ्याची मुदत असते, संस्थेची नसते. कर्मचारी १५ दिवसांत बिल देतो आणि पैसे तिसऱ्या महिन्यात येतात. फिरतीवर जाणारा माणूस या काळात संस्थेला बिनव्याजी कर्ज देत असतो, आणि ज्याचा पगार कमी त्याला ते सर्वात जड जाते. दोन्ही तारखा एकाच परिच्छेदात, एकाखाली एक छापाव्यात, ही या पुस्तकाची ठाम मागणी आहे.

मुदत लिहिताना ‘किती दिवस’ याच्या आधी ‘कधीपासून’ हे ठरवावे लागते. बिलाच्या तारखेपासून मोजले तर लांबच्या फिरतीवरची पहिली बिले माणूस घरी येण्याआधीच मुदतीबाहेर जातात. प्रवास संपल्याच्या दिवसापासून मोजावे. जो महिनोन्‌महिने फिरतीवरच असतो त्याने दर महिन्याला बिल द्यावे. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरावा. मार्चअखेरीचा प्रवास वर्ष ओलांडून गेला तर त्याचे बिल कुठल्या तारखेपर्यंत हवे, ते वेगळे लिहावे, कारण अकाउंट्सला वर्षाचे हिशेब बंद करायचे असतात आणि ही त्यांची अडचण खरी आहे.

आक्षेपांचाही विचार करावा लागतो. बिल एका शंकेसाठी परत येते, ती दूर करून दिले की दुसऱ्या शंकेसाठी परत येते, आणि तोवर मुदत संपते. सर्व आक्षेप एकदाच आणि लेखी द्यावेत, आणि मूळ बिल वेळेत आले असेल तर दुरुस्तीला लागलेले दिवस कर्मचाऱ्याच्या मुदतीत धरू नयेत. मुदत चुकली तर काय, हेही उघड असावे. ‘ग्राह्य धरले जाणार नाही’ असे लिहायचे आणि ओळखीच्या माणसाचे ग्राह्य धरायचे, यापेक्षा ‘३० दिवसांनंतर विभागप्रमुखाची कारणासह मंजुरी लागेल, ९० दिवसांनंतर पैसे मिळणार नाहीत’ हे कठोर असले तरी सर्वांना सारखे असते.

हे सगळे ठरवल्यावर लिहिणे सोपे होते. नागपूरच्या फिरतीपुरते बघायचे तर नवा मजकूर साधारण असा होईल:

“नागपूरमध्ये हॉटेलच्या खोलीचे भाडे दर रात्रीला २,५०० रुपयांपर्यंत मिळेल, त्यावरचा कर वेगळा मिळेल. हॉटेलचे बिल जोडा. जेवणासाठी दिवसाला ६०० रुपये मिळतील, बिल नको. निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवसाचा हिशेब खालच्या उदाहरणाप्रमाणे करा. रिक्षाचे एका फेरीला २०० रुपयांपर्यंत पावतीशिवाय मिळतील, कुठून कुठे गेलात ते लिहा. परत आल्यापासून १५ दिवसांत बिल द्या. पूर्ण बिल मिळाल्यापासून १० कामाच्या दिवसांत पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. मर्यादेपेक्षा जास्त खर्च होणार असेल तर खोली घेण्याआधी विभागप्रमुखांना संदेश पाठवा. ते रात्रीला १,००० रुपयांपर्यंत वाढ देऊ शकतात.”

या नियमाने आपल्या माणसाला ५,०४०, २,४०० आणि ७८० मिळून ८,२२० रुपये मिळतात, आणि अकाउंट्सचाही हिशेब ८,२२० येतो. कंपनीला जुन्या कडक वाचनापेक्षा १,४२० रुपये जास्त पडले, हे लपवू नये. स्पष्टतेला कधीकधी पैसे पडतात. मॅनेजमेंटने ते आधीच मोजावेत आणि परवडत नसतील तर मर्यादा खाली आणावी, पण ती खालची मर्यादा कर्मचाऱ्याला निघण्यापूर्वी दिसली पाहिजे.

मसुदा झाला की तो वाचून कसा वाटला, असे लोकांना विचारू नये. छान वाटला असेच उत्तर येते. त्याऐवजी एका जुन्या फिरतीची सगळी बिले एका पाकिटात घालून दोन कर्मचाऱ्यांना आणि अकाउंट्समधल्या एकाला वेगवेगळे बसवून द्यावीत आणि प्रत्येकाला एकूण रक्कम काढायला सांगावी. तिन्ही बेरजा रुपयाला रुपया जुळल्या पाहिजेत. जिथे जुळत नाहीत तिथे नियमात अजून एक निर्णय घ्यायचा राहिला आहे. नियम लागू झाल्यावर परत पाठवलेल्या बिलांवरचे शेरे कलमवार लिहून ठेवावेत. एकाच कलमावर शेरे साचू लागले तर दोष बिल करणाऱ्यांचा नसून त्या कलमाचा आहे. याच्या उलट खूणही ओळखावी: सतत फिरतीवर असलेल्या माणसाच्या बिलात रिक्षाचा खर्च कधीच दिसत नसेल, तर तो पायी फिरत नाही, त्याने मागणे सोडून दिले आहे.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. परदेशी प्रवास, बदलीचा भत्ता आणि स्वतःच्या गाडीचा किलोमीटर दर यांना इथे जेमतेम जागा आहे. आयकर आणि जीएसटीचे दर बदलत राहतात; त्यांबाबत आपल्या सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय काही छापू नये. मर्यादेचे आकडे किती असावेत हेही पुस्तक सांगत नाही, ते ज्या गावांना आपली माणसे जातात तिथली हॉटेलची बिले बघूनच ठरतील. दर अपुरे असतील तर उत्तम लिहिलेला नियमही त्यांना पुरेसे करू शकत नाही. पुस्तक देते ती घ्यायच्या निर्णयांची क्रमवार मांडणी, प्रत्येक निर्णयाचे पर्याय, सोडवलेल्या फिरत्या आणि मजकुराचे नमुने. ते लहान कारखान्याचे अकाउंट्स सांभाळणाऱ्यापासून मोठ्या संस्थेच्या मनुष्यबळ विभागापर्यंत कुणालाही वापरता यावे, अशी काळजी घेतली आहे.

वाचकांना एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या संस्थेत गेल्या तीन महिन्यांत परत पाठवलेली किंवा कापलेली प्रवासबिले मागवून घ्या आणि त्यांवरचे शेरे वाचा. ज्यांची बिले होती त्यांच्यापैकी दोघांना, आणि ज्यांनी शेरे मारले त्यांच्यापैकी एकाला, नियम लिहिणाऱ्या समितीत बसवा. ते टेबलाशी आल्यावरच पुढचे काम सुरू करा.